घोडा आणि रात्र सोडून

हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या काठाला करोडगिरीचे नाके होते. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकातीचं खातं. नदीच्या अलीकडे हैदराबादचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. नदीला जिथं जिथं उतार, तिथं तिथं एक झोपडीवजा नाका, दोन-तीन जवान आणि आडवा टाकलेला बांबू. या सगळ्या नाक्यांवर एक अमीन. त्यानं घोड्यावर बसून नाके तपासत हिंडायचं, आणि अंधाऱ्या पक्षात रात्रीची गस्त घालायची. कापडाचे गठ्ठे, सुपारी, काड्यापेट्या असला माल पलीकडून चोरून यायचा तो रात्रीच.

भुजंगराव तिथले अमीन. माणूस सडसडीत, बोलणं मोजकं, उर्दू अक्षर मोत्यासारखं. लहानपणी त्यांना सांधे धरण्याचा ताप आला होता. गुडघे, घोटे आळीपाळीनं सुजायचे. ताप गेला, सांधे मोकळे झाले, सगळे ते विसरून गेले. पण त्या तापानं जाताना आत काहीतरी बिघडवून ठेवलं होतं, हे कळायला पस्तिशी उलटावी लागली.

आधी चढावर दम लागायला लागला. मग घोड्यावर मांड टाकल्यावर छातीत पाखरू फडफडल्यागत व्हायचं. मग रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते उशांची चवड रचून तिला टेकून झोपायला लागले. बायको चंद्रप्रभा विचारायची, "अहो, हे काय चाललंय तुमचं?" ते म्हणायचे, "काठाची हवा दमट आहे. थंडी सरली की बरं वाटंल."

थंडी सरली, उन्हाळाही आला. पुढचं सालही तसंच गेलं. बरं काही वाटलं नाही.

हे सगळं ठाऊक होतं ते वीरभद्रला. वीरभद्र नाक्यावरचा जुना जवान. मूळचा उदगीरकडचा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. गस्तीला निघताना तो मुद्दाम म्हणायचा, "साहेब, तुमी इथंच बसा. खालच्या उताराला म्या जाऊन येतो. माझ्या पायाला काय मुंग्या आल्यात का?" भुजंगराव एखाद्या वेळी ऐकायचे. पुष्कळदा ऐकायचे नाहीत. आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं त्यांना जमत नसे, आणि ज्या रात्री घालावं लागे त्या रात्री ते झोपतही नसत.

मग वरिष्ठांना का सांगत नव्हते? त्याला कारण होतं अण्णाराव. अण्णाराव किनवटकडचे अमीन. त्यांनी एकदा तब्येतीची तक्रार वर केली. खात्यानं त्यांना डॉक्टरपुढं उभं केलं, डॉक्टरांनी 'नोकरीस नालायक' असा शेरा मारला आणि बघता बघता अण्णारावांच्या हाती तुटपुंजा वजीफा, म्हणजे पेन्शन, देऊन त्यांना घरी पाठवलं. निदान सगळ्या नाक्यांवर गोष्ट अशीच सांगितली जात होती. "हृदयाचं नाव काढलं की खातं नारळ देतंय," असं जो तो म्हणायचा. भुजंगरावांची नोकरीची वर्षं तर अण्णारावांपेक्षा किती तरी कमी. घरी चंद्रप्रभा, मुलगी इंदू आणि थकलेली आई. त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं.

आषाढ लागण्याआधी एके दिवशी ते भर दुपारी खालच्या उताराला निघाले. नदीत पाणी घोट्याएवढं. घोडी पाण्यातून सहज चालली आणि अलीकडच्याच दरडीवर चढली. तिथं भुजंगरावांच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. लगाम हातातून सुटला. ते एका अंगाला कलले आणि वाळूत पडले. नशीब, खडक दोन हात बाजूला होता.

वीरभद्र मागून पायी येत होता. तो धावत आला. साहेबांचे ओठ निळे पडले होते आणि ते माशासारखे तोंड उघडत होते. त्यानं त्यांना आडवं होऊ दिलं नाही. पाठीमागून कवटाळून बसतं धरलं, अंगरख्याचे बंद सोडले आणि वऱ्हाडातून सरकीची पोती घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाला हाक मारली.

गाडीवान म्हणाला, "माझी जकात व्हायची हाय अजून."

"तुझी जकात गेली नदीत!" वीरभद्र ओरडला. "पोती उतर अन् गाडी हदगावला हाण."

हदगावच्या सरकारी दवाखान्यात श्रीपतराव नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सुई टोचली, औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी भुजंगरावांना जरा हुशारी आल्यावर त्यांनी पुन्हा छातीला नळी लावली. उताणं झोपवून ऐकलं, डाव्या कुशीवर वळवून ऐकलं. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"लहानपणी सांधे सुजले होते का?" त्यांनी विचारलं.

भुजंगराव चकित झाले. "हो. पण त्याला फार वर्षं झाली."

"त्या तापानं हृदयातली एक झडप आखडून टाकलीय. दार पुरतं उघडत नाही म्हणा ना. रक्त मागं तुंबतं, फुफ्फुसात साचतं, म्हणून दम लागतो. हे आता कायमचं आहे. थेंब देतो, ते रोज घ्यायचे. मीठ कमी. लोणचं, पापड बंद. आणि नीट ऐका, घोडा बंद आणि रात्रीचं जागरण बंद."

"डॉक्टरसाहेब, तेच माझं काम आहे."

"मग काम बदला."

भुजंगरावांनी इकडं तिकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "दाखल्यावर नुसता ताप लिहा. हिवताप लिहा. महिनाभर रजा-रुखसत घेतो, विश्रांती घेतो, मग जातो."

"महिन्यानं झडप उघडणार आहे का?" श्रीपतराव म्हणाले. "मी हिवताप लिहितो. तुम्ही महिन्यानं घोड्यावर बसता. पुढच्या खेपेला वाळूच्या जागी खडक असंल. मग मला दुसरा दाखला लिहावा लागंल. तो चालंल तुमच्या घरी?"

निरोप मिळताच आलेली चंद्रप्रभा पडद्याआड उभी होती. ती एकदम पुढं आली. परक्या माणसापुढं ती कधी बोलत नसे. "नाही चालणार," ती म्हणाली. "डॉक्टरसाहेब, जे आहे तेच लिहा."

घरी आल्यावर भुजंगराव तिच्यावर चिडले. "नोकरी गेली तर खायचं काय?"

"लातूरला माझे भाऊ आहेत. शिवण शिकवीन, पापड लाटीन. तुम्ही असलात म्हणजे झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "दोन वर्षं मी रात्री जागी राहून तुमचा श्वास ऐकते आहे. तुम्हाला वाटतं मी झोपलेली असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखला काढून समोर ठेवला.

अर्ज करायचं ठरलं. लोकांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं, अमक्या जागीरदाराची शिफारस आणा. कुणी म्हणालं, साहेबांच्या घरी आंब्याच्या करंड्या पाठवा. भुजंगरावांनी यातलं काही केलं नाही. ते कागद घेऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, 'हृदयविकारामुळे हा ताबेदार सरकारी सेवा करण्यास असमर्थ आहे.' लिहून झाल्यावर स्वतःच वाचलं. हे लिहिलं म्हणजे आपणच आपल्याला नारळ दिल्यासारखं! त्यांनी कागद फाडला. मी काय करू शकत नाही? घोडा आणि रात्र. एवढंच. बाकी हिशेब, तपासणी, मालाची किंमत ठरवणं, पावत्या, पंचनामे, सगळं करू शकतो. मग तेवढंच मागावं. त्यांनी साफ लिहिलं, की आजार कायमचा आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत आहे, घोड्यावरचा दौरा आणि रात्रीची नेमणूक या दोन गोष्टींतून माफी असावी, बसून करायचं कुठलंही काम कुठंही द्यावं, आणि खात्याच्या मर्जीच्या डॉक्टरकडून तपासणीला आपण तयार आहोत.

अर्ज नांदेडला गेला. तिथं मोहतमीम, म्हणजे खात्याचे त्या भागातले मोठे साहेब, मीर मेहदी हुसेन. पांढरी आखूड दाढी, ताठ कणा, एके काळी फौजेत होते. कामचुकारांवर त्यांचा फार दात. आदल्याच हिवाळ्यात माहूरच्या डोंगरातल्या नाक्यावर नेमणूक झालेल्या दोघांनी आजाराचे दाखले आणले होते, आणि दोघंही रेणुकामातेच्या जत्रेत गडाच्या पायऱ्या चढताना सापडले होते.

आठवड्याभरात बोलावणं आलं. वीरभद्रलाही बोलावलं होतं, कारण पडताना पाहणारा तोच.

नांदेडच्या कचेरीत पेशकार ईश्वरप्पा यांनी अर्ज वाचून दाखवला. साहेबांनी डोळे मिटून ऐकला. मग भुजंगरावांना आपादमस्तक न्याहाळलं. साहेब उर्दूत बोलायचे, मधूनच मराठीत शिरायचे.

"अमीनसाब, तुम्ही तर चांगले दिसता."

"जी हुजूर. बसलेला असतो तेव्हा चांगलाच असतो."

ईश्वरप्पांनी ओठ दाबले. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हदगावच्या डॉक्टरचा दाखला आहे. डॉक्टर तुमच्या ओळखीचा असंल. मी नांदेडच्या सिव्हिल सर्जनकडं पाठवीन. ते माझ्याही ओळखीचे नाहीत. चालंल?"

"चालंल, हुजूर."

"आणि त्यांनी लिहिलं की नोकरीलाच लायक नाही, तर?"

"तर खात्याचा नियम असंल तसं होईल," ते म्हणाले. "पण खोटं बोलून घोड्यावर बसण्यापेक्षा ते बरं."

साहेब वीरभद्रकडं वळले. "तू पाहिलंस?"

"हाव सरकार. ह्या डोळ्यानं."

"याच्याआधी कधी असं झालं?"

वीरभद्र घुटमळला. त्यानं भुजंगरावांकडं पाहिलं. भुजंगराव म्हणाले, "खरं सांग."

"दम तर लई दिवसांपून लागून राहिला, सरकार. म्या म्हणायचो, बसा, म्या जातो. पन साहेब ऐकायचेच न्हाईत. जिद्दीचा मानूस."

"मग याच्या रात्री तू किती काढल्यास?"

"मोजल्या न्हाईत सरकार. मोजायच्या असत्या तर काढल्याच नसत्या."

साहेबांनी कलम खाली ठेवलं. "अमीनसाब, इतके दिवस गप्प का बसलात?"

भुजंगरावांनी अण्णारावांचं नाव घेतलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. ते ईश्वरप्पांकडं पाहून हसायला लागले. साहेबांना हसताना त्या कचेरीत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अण्णाराव? पेशकारसाहेब, सांगा यांना."

ईश्वरप्पा म्हणाले, "अहो, अण्णारावांना आम्ही कुठं काढलं? त्यांनीच लिहून दिलं होतं की मला आता कुठलंच काम होत नाही, मोकळं करा. त्यांना मुलाबरोबर लातूरला अडत घालायची होती. आम्ही बसायची जागा देऊ केली, तर नको म्हणाले. आता तिथल्या गंजगोलाईच्या बाजारात गादीला टेकून बसलेले असतात!"

दोन वर्षं ज्या भीतीनं भुजंगरावांनी छाती आवळून धरली होती ती नुसती ऐकीव निघाली. त्यांना हसावं की रडावं कळेना. वीरभद्र मात्र मोठ्यानं म्हणाला, "आँ? मंजे उगाच?" आणि लगेच जीभ चावली.

"रिपोर्ट येईपर्यंत," साहेब म्हणाले, "घोडा नाही. रात्र नाही. नाक्यावर बसून लिहायचं काम करा. गस्तीला हिमायतनगरचा अमीन येईल. मी हुकूम काढतो. यापुढं वीरभद्रनं मनानं कुणाच्या रात्री काढायच्या नाहीत. रात्र काढायची ती हुकमानं. समजलं?"

"हाव सरकार."

सिव्हिल सर्जननं भुजंगरावांना सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. नाडी एकदा मनगटाला पाहिली, त्याच वेळी छातीलाही ऐकली. दवाखान्याच्या पायऱ्या चढून उतरायला लावल्या आणि लगेच नळी लावली. दिवसभर काय काम करता, किती चालता, किती उशांवर झोपता, हे सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "मला तुमच्या खात्यानं दोनच गोष्टी विचारल्यात. घोड्याचं आणि रात्रीचं काम झेपंल का, आणि नसंल तर बाकीचं झेपंल का. तेवढ्याचंच उत्तर मी देणार." ते उत्तर काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. लिफाफा मोहोरबंद होऊन परस्पर कचेरीत जायचा होता.

मग वाट पाहणं आलं. पावसाळा लागला, पैनगंगा भरली, उतार बंद झाले. चंद्रप्रभानं लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. थेंब रोज चालू होते. पायाची सूज उतरली. एक उशी कमी झाली. भुजंगराव नाक्याच्या झोपडीत बसून लिहायचे आणि टपालवाला दिसला की कलम थांबायचं. आईनं रेणुकामातेला नवस बोलला. ते तिला म्हणाले, "गडावर मी चढणार नाही बरं, साहेब धरतील!" घरात किती तरी दिवसांनी सगळे हसले.

पोळ्याच्या सुमारास पुन्हा नांदेडचं बोलावणं आलं. या खेपेला चंद्रप्रभा बरोबर आली आणि कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली इंदूला घेऊन बसली.

साहेबांनी लिफाफ्यातला कागद पुढं ठेवला. "डॉक्टर लिहितात, आजार खरा आहे, जुना आहे, जाणारा नाही. घोडेस्वारी आणि रात्रपाळीला नालायक. बसून करायच्या कामाला पूर्ण लायक. औषध चालू ठेवावं, दर साली फेरतपासणी व्हावी."

'पूर्ण लायक' हे शब्द ऐकले आणि भुजंगरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "पडू नका. इथं वाळू नाही."

मग कामाचं बोलणं झालं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. माफी देतो, पण माफीनं नाक्यावरची रात्र नाहीशी होत नाही. ती कुणीतरी करायलाच पाहिजे. भुजंगरावांना तिथंच ठेवलं तर तिथल्या जवानांवर अन्याय. म्हणून ते दोन अमिनांचा आपसात तबादला, म्हणजे बदली, करणार होते. लातूरच्या स्टेशनात बार्शीच्या छोट्या गाडीनं माल यायचा. तिथल्या करोडगिरीच्या गोदामात एक तरुण अमीन होता, उद्धव नावाचा. काम सगळं दिवसाचं. वॅगन उघडायची, गठ्ठे मोजायचे, बिजकं पाहून जकात लावायची. उद्धवला तिथं करमत नव्हतं. त्याला घोडा हवा होता, हिंडणं हवं होतं, आणि त्यानं तसा अर्ज कधीचा दिला होता. लातूर दुसऱ्या मोहतमिमाच्या हाताखाली, म्हणून हैदराबादहून मंजुरी मागवावी लागली. ती आली होती.

"घोड्याचा भत्ता बंद होईल," साहेब म्हणाले. "घोडा नाही तर भत्ता नाही. मूळ पगार आणि नोकरीची वर्षं जशीच्या तशी. कबूल?"

"कबूल, हुजूर. शुक्रिया."

"शुक्रिया कशाचा? तुम्ही दोन गोष्टी मागितल्या. तेवढ्याच मागितल्या, म्हणून देता आल्या." साहेबांनी सही केली, आणि मान वर न करता म्हणाले, "घोडी विकणार असाल तर त्या उद्धवला विका. नदी ओळखणारं जनावर आहे."

भुजंगराव बाहेर आले. चंद्रप्रभा उठून उभी राहिली. त्यांनी नुसता कागद पुढं केला. तिला उर्दू वाचता येत नव्हतं.

"अहो, सांगा ना काय आहे!"

"लातूर," ते म्हणाले. "नोकरी आहे. लातूरला. दिवसाची."

ती पदरात तोंड घालून रडायला लागली. इंदू घाबरली. "आई, का रडतीस?" तिला जवळ ओढून चंद्रप्रभा म्हणाली, "रडत नाही गं. मामाच्या गावाला जायचंय आपल्याला."

सामान बांधायला वीरभद्र आला. उद्धव अमीन आदल्या दिवशीच येऊन पोचला होता. आल्या आल्या घोडीवर बसून काठानं दोनदा हुंदडून आला होता. वीरभद्र म्हणाला, "पोरगं बरं हाय साहेब. पन त्याला उतार दावावे लागतील. तुमच्यावानी न्हाई."

"तू आहेस की दाखवायला."

"हाव. हुकमानं!" वीरभद्र म्हणाला, आणि दोघंही हसले. मग त्यानं वाकून पायाला हात लावला, तर भुजंगरावांनी त्याला वरच्या वर धरलं. वाळूत त्यानं धरलं होतं तसंच, दोन्ही हातांनी कवटाळून.

लातूरला गोदामात पहिले काही दिवस त्यांना अवघडल्यासारखं वाटलं. संध्याकाळ झाली की पाय आपोआप खोगिराकडं वळायचे. मग आठवायचं, की आता घरी जायचं आहे. हमाल, अडते, व्यापारी यांच्या गलक्यात त्यांचं मन रमलं. सरकीचा भाव, कापडाचा पोत, साखरेच्या पोत्यातली ओल, हे त्यांना हाताच्या स्पर्शानं कळायचं. हळूहळू पेचाचा माल आला की व्यापारीच म्हणायला लागले, "बसके अमीनसाबकडं न्या." बसके अमीनसाब हे नाव चंद्रप्रभाला आवडलं नाही. त्यांना आवडलं.

साल उलटलं तसं फेरतपासणीचं पत्र आलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं होतं. आदल्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही. वाढलं असंल तर? या खेपेला कागदावर दुसराच शब्द आला तर?

डॉक्टर नवे होते. त्यांनी उताणं झोपवून ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं, घोट्यावर अंगठा दाबला. जुना रिपोर्ट समोर धरून पुन्हा एकदा ऐकलं. मग लिहिलं आणि तोंडीही सांगितलं.

भुजंगराव व्हरांड्यात आले. चंद्रप्रभा खांबाला धरून उभी होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. आहे तसंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या साली होतं तेवढंच. वाढलं नाही. काम चालू ठेवा म्हणाले."

तिनं खांब सोडला. फाटकापाशी एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती. चंद्रप्रभा तरातरा तिकडं गेली, चांगले पिकलेले पेरू निवडून घेतले आणि परत येताना एक पुसून त्यांच्या हातात दिला.

"मीठ लावू नका," ती म्हणाली.

"तसाच गोड आहे," ते म्हणाले, आणि मोटारीची वेळ व्हायची होती म्हणून दोघं सावलीच्या बाजूनं सावकाश चालत निघाले.